‘चुकून तुमच्या खात्यात पैसे गेले, परत करा’ असा फोन आलाय आणि पैसे खरोखरच जमा झालेत. आता काय करायचं?

कराडकर_सुजय | शनिवार, संध्याकाळी ६.४०

मंडळी, जरा घाईत लिहितोय. आईच्या पेन्शनच्या खात्यात आज दुपारी चारच्या सुमारास १४,५०० रुपये जमा झाले. पाचदहा मिनिटांत तिला फोन. व्यवस्थित मराठी बोलणारा, तिशीतला वाटेल असा मुलगा. “मावशी, नंबरचा एक आकडा चुकला, बायको दवाखान्यात आहे, डिपॉझिट भरायचं होतं, तुमच्याकडे गेले हो पैसे.” आई लगेच पाठवायला निघाली होती. मी घरातच होतो म्हणून थांबवलं.

थांबवलं ते एका वाक्यामुळे. तो म्हणाला, “आले त्याच नंबरवर पाठवू नका, त्याची आजची लिमिट संपलीय. मी दुसरा नंबर देतो.” शिवाय ॲपमध्ये पैसे पाठवणारी एक बाई दिसते. त्यावर त्याचं उत्तर, मित्राच्या बहिणीच्या फोनवरून पाठवले.

तेव्हापासून पाच वेळा फोन येऊन गेला. आज चौथा शनिवार, बँक बंद. आई म्हणते, “खरंच कुणाची बायको दवाखान्यात असली तर?” मला उत्तर सुचत नाहीये. कुणाला असा अनुभव?

पिंट्या_इचलकरंजी | ६.५२

सोप्पं आहे भावा. पैसे आलेलेच नाहीत. खोटा मेसेज पाठवतात, ‘क्रेडिटेड’ असं लिहून. आपण घाबरून आपल्याच खिशातले पाठवतो. मेसेज कुठून आला बघ. बँकेचा मेसेज कधी साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही. आणि पैसे मागणारी कलेक्ट रिक्वेस्ट आली तर पिन टाकू नको. विषय संपला.

कराडकर_सुजय | ६.५८

पिंट्या, ते पहिल्यांदा तपासलं. मेसेज सोड, बँकेच्या ॲपमध्ये शिल्लकच १४,५०० नी वाढलेली आहे. नोंद `UPI/CR` अशी आहे, पुढे बारा आकडी नंबर आणि त्या बाईंचं नाव. पैसे आलेत.

शाखेतला_माणूस | ७.१५

मी बँकेतून निवृत्त झालोय, शेवटची काही वर्षं तक्रारींच्याच टेबलावर होतो. सुजय, आईंना आधी दोन गोष्टी सांगा. फोन उचलू नका, आणि ते १४,५०० खात्यात जसेच्या तसे राहू द्या. ना खर्च, ना परत, ना दुसऱ्या खात्यात हलवाहलवी.

पिंट्या म्हणतात तो प्रकार आहेच, आणि सर्वांत जास्त तोच चालतो. ‘तुमच्या वडिलांनी दहा हजार टाकायला सांगितले होते, माझ्याकडून पन्नास गेले’ म्हणणारे त्यातलेच. तिथे शिल्लक बघितली की काम झालं. फक्त कलेक्ट रिक्वेस्टचं म्हणाल तर ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीय. दुकानदार-कंपन्यांची अजून येते. म्हणून आता ही मंडळी क्यूआर पाठवतात, ‘हा स्कॅन करा म्हणजे उलटी एंट्री होईल’ वगैरे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, तेवढं धरून चाला.

पण इथला मामला वेगळा आहे. पैसे खरे आहेत, म्हणून जास्त अवघड आहे.

आधी ‘लिमिट संपली’ हे बघा. यूपीआयची रोजची लिमिट पैसे पाठवण्यावर असते. ती संपली म्हणून त्या खात्यात पैसे यायचे थांबत नाहीत. म्हणजे तो जे कारण देतोय ते कारणच नाही. त्याला पैसे त्या बाईंकडे जायला नको आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

मंजिरी_प | ७.२४

पण मग त्याला काय मिळणार? पैसे त्यांच्याच माणसाने टाकले, त्यांचेच परत मागतोय. यात सुजयच्या आईंचं नुकसान कुठे? मला खरंच कळत नाहीये.

शाखेतला_माणूस | ७.४९

मंजिरीताई, पैसे त्याच्या माणसाचे नाहीत, ही यातली मेख.

समजा इंदूरच्या एका बाईंना कुणी फसवलं. पार्ट-टाइम कामाचं आमिष, वीज तोडण्याची धमकी, काहीही. फसवणाऱ्याने त्यांना पैसे टाकायला एक मोबाइल नंबर दिला. तो त्याचा स्वतःचा नव्हे, कराडच्या एका पेन्शनर बाईंचा. नंबर टाकला की ॲपमध्ये नाव येतं, तेव्हा तोही म्हणतो, ‘हो, ह्याच आमच्या अकाउंटंट मॅडम.’ पैसे कराडला आले. मग हा कराडला फोन करतो, मावशी, चूक झाली, या दुसऱ्या नंबरवर पाठवा. मावशींनी पाठवले की ते पैसे एटीएममधून निघतात किंवा आणखी चार खात्यांत फुटतात.

इंदूरच्या बाईंना रात्री लक्षात येतं आणि त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावतात. तक्रार नोंदली की पैसे कुठून कुठे गेले याची साखळी बँकांना दिसायला लागते. साखळीत पहिलं खातं कुणाचं? फसवणाऱ्याचं नाव कुठेही नाही. मावशींचं आहे, आणि त्यांनी स्वतःच्या पिनने पैसे पुढे पाठवलेत. कागदावर मावशी आणि भाड्याने खातं देणारा माणूस यांत फरक दिसत नाही.

नुकसान म्हणाल तर हे. १४,५०० गेले असं कधी होतं, कधी नाही. पण खातं अडकतं आणि त्याच खात्यात पेन्शन येत असते.

दुसरी शक्यताही सांगतो. तो मुलगा खरंच गरजू असेल आणि त्या बाई खरंच मित्राची बहीण असतील. फोनवरून हे ओळखता येत नाही. मी तीस वर्षं बँकेत काढली, मलाही येणार नाही. म्हणून तो खरा की खोटा हे ठरवायच्या भानगडीत पडूच नका. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने, बँकेच्या हाताने परत जाऊ द्या. खरा असेल तर त्याला मिळतील, खोटा असेल तर इंदूरच्या बाईंना मिळतील. आईंना हे सांगून बघा, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे.

वऱ्हाडी_बाणा | ८.०५

माझ्या मेहुण्याचं असंच झालं, अकोल्याला. ९,००० आले, फोन आला, यानं दिले पाठवून दुसऱ्याच नंबरवर. भला माणूस आहे, दुसरं काय. दोन महिन्यांनी पेट्रोल पंपावर कार्ड चालेना. शाखेत गेला तं सायबर पोलिसांचा होल्ड म्हणे, तेबी परराज्यातल्या ठाण्याचा. बँकेनं हातात काय दिलं? एक तक्रार क्रमांक आन् एक ईमेल आयडी. बस. तिकडं फोन लागते पण उचलत कोणी नाही.

९,००० साठी सगळं खातं बंद. त्याच्या दुकानाचे चेक परत गेले. शेवटी स्टेटमेंट, कॉल लॉग, सगळं जोडून मेलवर मेल पाठवले तेव्हा कुठं खातं उघडलं. ते ९,००० मात्र अजूनही लीनमध्येच हायेत, खात्यात दिसतात पण काढता येत नाहीत. म्हणजे पाठवले तेही गेले, अडकले तेही गेले.

शाखेतला_माणूस | ८.२०

वऱ्हाडी, मेहुण्यांना सांगा, वादात असलेल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा, अख्खं खातं गोठवू नये, असा आदेश केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलेला आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण पोलिसांना आणि बँकेला लिहिताना उल्लेख केला तर काम हलतं.

पिंट्या_इचलकरंजी | ८.३१

एवढं कशाला? ॲपमध्ये त्या एंट्रीवर जायचं, तिथूनच त्या बाईला पैसे परत पाठवायचे. ज्या वाटेने आले त्याच वाटेने गेले, झालं ना तुमच्या मनासारखं? आणि आता नाव दिसतं की आधी, बँकेत आहे तेच. त्यामुळे चुकून पैसे जाणं बंदच झालंय. कुणी चुकून म्हणत असेल तर तो चोरच.

नीलाक्षी_ठाणे | ८.४४

पिंट्या, नाव दिसतं, पण वाचतो कोण? माझ्या नवऱ्याने गेल्याच महिन्यात ‘सुनील’ बघून भलत्याच सुनीलला दूधवाल्याचे पैसे पाठवले.

शाखेतला_माणूस | ८.५८

त्याच बाईंना परत पाठवणं हे दुसऱ्या नंबरवर पाठवण्यापेक्षा कितीतरी बरं. उद्या विचारणा झाली तर सरळ दाखवता येतं, जिथून आले तिथेच गेले. पण दोन गोष्टींमुळे मी ते सुचवत नाही.

एक, तुम्ही परत पाठवता ते यूपीआय आयडीवर किंवा मोबाइल नंबरवर. पैसे निघाले ते खातं आणि आज त्या आयडीला जोडलेलं खातं एकच असेल असं नाही. माणूस जोडलेलं खातं बदलू शकतो. त्या बाईंचा फोनच दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर प्रश्नच मिटला.

दोन, त्या बाईंनी तुम्ही पाठवायच्या आधीच १९३० ला तक्रार केली असेल तर तुमच्या खात्यातून ती रक्कम पुन्हा धरली जाऊ शकते. मग तुम्ही ‘परत दिलेत हो’ म्हणून सांगत फिरणार.

दत्ता_जोशी_डोंबिवली | ९.१०

मी दहा हजार परत पाठवले होते एकदा, आले त्याच नंबरवर. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते, फोनवर रडायचेच बाकी होते. वर्ष उलटलं, काही झालं नाही. सगळ्यांनाच चोर समजायला लागलो तर अवघड आहे. त्या माणसाने चार दिवस बँकेचे उंबरे झिजवायचे का?

शाखेतला_माणूस | ९.१८

दत्ताजी, तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेन्शनच्या खात्यावर ती जोखीम घ्यावी का, एवढाच मुद्दा आहे.

रेखा_सातारा | ९.३५

मला मदत करा प्लीज. माझे ६,००० रुपये क्लासची फी म्हणून चुकीच्या नंबरवर गेलेत. त्या माणसाला फोन केला तर आधी ‘बघतो’ म्हणाला, आता ब्लॉक केलंय. तुम्ही सगळे परत करू नका म्हणताय, मग आम्ही काय करायचं?

शाखेतला_माणूस | ९.५२

रेखाताई, तुमचा प्रश्न धाग्याच्या दुसऱ्या टोकाचा आहे, पण बरं झालं विचारलात. परत करू नका असं कुणी म्हणत नाहीये, बँकेमार्फत करा म्हणतोय.

ॲपमध्ये त्या व्यवहारावर जाऊन चुकीच्या माणसाला पैसे गेल्याची तक्रार टाका. शिवाय तुमच्या स्वतःच्या शाखेत लेखी अर्ज द्या, त्यात व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हवाच. तुमची बँक त्यांच्या बँकेला कळवते, त्यांची बँक त्या माणसाला विचारते. अडचण इथेच आहे. त्याने होकार दिल्याशिवाय बँक सहसा त्याच्या खात्याला हात लावत नाही, कारण पिन तुम्ही टाकला होता, व्यवहार तांत्रिकदृष्ट्या बरोबर झाला. लवकर अर्ज केला तर शक्यता जास्त.

आणि १९३० वर खोटी तक्रार करू नका. फसवणूक झालेली नाही, चूक झालीय. काही जण पैसे लवकर मिळावेत म्हणून तसं करतात आणि समोरच्या निरपराध माणसाचं खातं गोठतं.

ॲड_चिपळूण | १०.०५

कायद्याचं थोडक्यात. चुकून मिळालेले पैसे परत करणं हे बंधनच आहे, १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२. ‘माझ्या खात्यात आले म्हणजे माझे’ हे चालत नाही. जाणूनबुजून दाबून ठेवले किंवा खर्च केले तर अपहाराचा गुन्हाही लागू शकतो, आता न्याय संहितेत कलम ३१४. रेखाताई, ब्लॉक करणाऱ्याला वकिलाची एक नोटीस गेली की बहुतेकदा आठवण येते.

पण त्या कलमात कुठेही म्हटलेलं नाही की पैसे मागेल त्या नंबरवर आणि मागेल त्या मिनिटाला द्या. ज्याचे आहेत त्याला द्यायचे आहेत.

नीलाक्षी_ठाणे | १०.२०

एक वेगळा प्रकार सांगते. आमच्या काकूंना ‘बँकेतून’ फोन आला, केवायसीसाठी म्हणून स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावलं. थोड्या वेळाने खात्यात दोन लाख जमा! वर, ‘मॅडम, चुकून तुमच्याकडे आले, परत करा.’ शिल्लक खरंच वाढलेली. काकू पाठवणारच होत्या, पण भाच्याने स्टेटमेंट उघडलं. ते पैसे कुणी पाठवलेलेच नव्हते. काकूंच्याच नावावर मंजूर असलेलं कर्ज त्या लोकांनी काकूंच्याच फोनवरून उचललं होतं.

म्हणजे पैसे आले एवढं बघून भागत नाही, कुठून आले ते बघायचं. तुमचीच एफडी मोडलेली असू शकते.

कराडकर_सुजय | रविवार, सकाळी ९.१५

नीलाक्षी, तेही तपासलं. कर्ज नाही, एफडी जागेवर आहे. आईला शाखेतल्या काकांचं उत्तर वाचून दाखवलं, पटलं तिला. त्या मुलाला मी एकदाच मेसेज केला, की तुमच्या बँकेत तक्रार करा, आमच्या बँकेकडून विचारणा आली की लगेच होकार देऊ. त्यावर उत्तर, “मावशींवर केस टाकतो.” रात्रीपासून फोन नाही.

काका, उद्या शाखेत काय द्यायचं?

शाखेतला_माणूस | ९.४०

साधा अर्ज, आईंच्या सहीचा. तारीख, वेळ, रक्कम, यूटीआर, पाठवणाऱ्याचं ॲपमध्ये दिसतं ते नाव. मग असं काहीतरी लिहा: “सदर रक्कम माझी नाही. पाठवणाऱ्या व्यक्तीस मी ओळखत नाही. अमुक क्रमांकावरून ती दुसऱ्याच क्रमांकावर पाठवण्याची मागणी होत आहे. आपण पाठवणाऱ्याच्या बँकेशी संपर्क साधून रक्कम मूळ खात्यात परत करावी, त्यासाठी माझ्या खात्यातून ती वजा करण्यास माझी संमती आहे.”

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि सही घ्या. ही पोच म्हणजे आईंचं चिलखत. कारण तिच्यावर तारीख असते. उद्या कुठल्याही ठाण्यातून विचारणा आली तर तक्रारीच्या आधी किंवा आसपास आम्हीच कळवलं होतं, हे दाखवता येतं. कॉल लॉग आणि मेसेजचे स्क्रीनशॉट जोडा. त्या मुलाचा नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या ‘चक्षू’मध्येही टाकून द्या.

कराडकर_सुजय | सोमवार, दुपारी २.३०

अपेक्षेप्रमाणे काउंटरवर “तुम्हीच पाठवून टाका ना परत, अर्ज कशाला” हे ऐकायला मिळालं. मी म्हटलं, तुम्ही हेच लिहून द्या, आत्ता पाठवतो. मग मॅनेजरसाहेबांनी आत बोलावलं. अर्ज घेतला, शिक्का दिला. शाखेच्या ईमेलवरही पाठवून ठेवलाय.

पिंट्या_इचलकरंजी | २.४१

“लिहून द्या” 😀 हे वाक्य मी उद्यापासून सगळीकडे वापरणार.

कराडकर_सुजय | पुढच्या आठवड्यातला गुरुवार, संध्याकाळी ७.०५

ताजी खबर. आईच्या खात्यात १४,५०० वर लीन लागलाय. शाखेतून कळलं, परराज्यातून १९३० वर तक्रार झालीय, तक्रारदार त्याच बाई. म्हणजे मित्राची बहीण वगैरे काही नव्हतं. बाकी खातं चालू आहे, पेन्शन काढता येते. मॅनेजरसाहेबांनी आईचा अर्ज आणि पोच त्या पोलीस ठाण्याच्या ईमेलवर पाठवली, आम्हीही वेगळी पाठवली.

आता प्रश्न असा, की पुढे ते पैसे त्या बाईंना मिळणार कसे? आम्ही संमती दिलीच आहे, पण बँक म्हणते लीन असताना आम्हाला हलवता येत नाहीत.

शाखेतला_माणूस | ७.३०

बरोबर म्हणते. लीन लागला की चेंडू पोलिसांकडे. तपास अधिकाऱ्याकडून किंवा न्यायालयाच्या आदेशाने रक्कम तक्रारदाराच्या खात्यात जाईल. वेळ किती लागेल ते त्या ठाण्यावर आहे. अधिकाऱ्याचा फोन आलाच तर नाव, हुद्दा, ठाणं विचारून घ्या आणि त्या ठाण्याच्या अधिकृत नंबरवर स्वतः उलटा फोन करा. पोलीस म्हणून बोलणारा ‘पैसे या खात्यात टाका, केस मिटवतो’ म्हणाला तर तो पहिलाच भाऊ पुन्हा आलाय असं समजा.

मंजिरी_प | ७.४२

आणि बँकेने अर्जच घेतला नसता तर?

शाखेतला_माणूस | ७.५५

ईमेल किंवा रजिस्टर पोस्ट. त्याचीही पोच असते. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, `cms.rbi.org.in` वर.

वऱ्हाडी_बाणा | ८.१०

मेहुण्याला ते केरळवालं सांगितलं. वकिलाला दाखवतो म्हणते. त्याच्या लीनचं काही झालं तं कळवतो.

रेखा_सातारा | ८.२६

माझ्याकडे त्यांच्या बँकेचं उत्तर आलं, ‘लाभार्थ्याने संमती नाकारली.’ चिपळूणचे वकीलसाहेब, नोटिशीचा खर्च साधारण किती येतो? ६,००० साठी परवडेल का?